ट्रायकोकार्ड लावलं, मेटारायझियम टाकलं, तरी ऊस वाळतोय: नेमकं कुठं बिघडलं ते कसं शोधायचं

फेब्रुवारी संपत आला की सुरू उसाच्या पट्ट्यातून एकच तक्रार सुरू होते. "साहेब, कारखान्याकडून ट्रायकोकार्ड आणलं, लावलं, दहा दिवस झाले. पोंगे वाळायचे थांबले नाहीत. हे काही खरं नाही, औषधच मारतो आता." पावसाळ्यात हाच माणूस हुमणीसाठी टाकलेल्या मेटारायझियम या बुरशीबद्दल तसंच बोलतो. दरवर्षी येणाऱ्या या तक्रारीतली निम्मी कार्डं खरंच वाया गेलेली असतात, आणि ती का गेली हे शेतात उभं राहून सांगता येतं. उरलेल्या निम्म्यांत कार्डानं आपलं काम केलेलं असतं, पण बघणारा चुकीची गोष्ट मोजत असतो. या दोन्ही प्रकारांचा उलगडा करतो. जोर खोडकिडीवर आणि ट्रायकोकार्डातून शेतात सोडतात त्या ट्रायकोग्रामा या बारीक परजीवी माशीवर ठेवतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच होतो.

आधी पोंगा उपटून बघा

वाळलेला पोंगा दिसला म्हणजे खोडकीडच, असं धरून चालू नका. मधला पोंगा धरून ओढा. खोडकिडीचा असेल तर तो अलगद निघून येतो, बुडाशी कुजलेला असतो आणि नाक मुरडावं असा घाण वास येतो. फुटवा जमिनीलगत चिरला तर आत मळकट पांढरी अळी सापडते आणि तिच्या पाठीवर पाच जांभळट रेघा असतात. पोंगा सहज निघत नसेल, पानावर एका ओळीत बारीक भोकं पडलेली असतील, तर ती शेंडे कीड. फुटवा मुळासकट वाळलेला, बुडाशी माती भरलेली आणि वास काहीच नाही, तर वाळवी बघा. वाळवीवर कार्ड लावून काही होणार नाही, हे सांगायला नको. पण लावणारे भेटतात.

खोडकीड आणि शेंडे कीड यांतला फरक कार्डासाठी महत्त्वाचा आहे. खोडकिडीचा पतंग पानाच्या खालच्या बाजूला चपटी, पांढरट अंडी घालतो. माशाच्या खवल्यांसारखी ती एकमेकांवर चढलेली असतात आणि उघडी असतात. शेंडे किडीची अंडी पिवळसर तपकिरी केसांच्या थराखाली झाकलेली असतात. पहिल्या किडीसाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस ही जात लागते, दुसरीसाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम. दोन्ही कार्डं दिसायला सारखीच, त्यामुळे प्रयोगशाळेतून घेताना जातीचं नाव विचारून घ्या. "ट्रायको द्या" एवढंच म्हटलं तर समोर असेल ते कार्ड हातात पडतं.

हा कीटक करतो काय आणि काय करू शकत नाही

ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची, गांधीलमाशीच्या कुळातली माशी. ती किडीचं अंडं शोधते आणि त्याच्या आत स्वतःचं अंडं घालते. आतून तिची अळी ते अंडं खाऊन टाकते आणि साधारण आठवड्याभरात पतंगाच्या अळीऐवजी नवी माशी बाहेर पडते. तिचा सगळा कारभार अंड्यापुरता. अळी अंड्यातून निघून फुटव्यात शिरली की ट्रायकोग्रामाला तिच्याशी काही देणंघेणं उरत नाही.

फवारणीपासूनचा मोठा फरक इथंच पडतो. रसायन त्या दिवशी शेतात जे जिवंत आणि उघड्यावर आहे त्याला मारतं, आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या दाखवतं. कार्ड पुढच्या पंधरवड्यात जे घडणार असतं ते घडू देत नाही. त्यात मेलेलं काही दिसतच नाही. न झालेलं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, ही जैविक नियंत्रणाची सगळ्यात मोठी अडचण आहे, आणि माझ्या मते ती शास्त्राची कमी आणि विश्वासाची जास्त आहे.

खोडकिडीच्या बाबतीत वरून मारलेलं स्पर्शजन्य औषधसुद्धा फारसं उपयोगी पडत नाही. अंडं घातल्यापासून चार ते सहा दिवसांत अळी निघते, थोडा वेळ पानाच्या देठावर खरवडते आणि फुटव्यात शिरते. औषधाला ती सापडायची वेळ एवढीच. एकदा आत गेली की पानावर कितीही थर बसवा, तिच्यापर्यंत काही पोचत नाही. म्हणजे पोंगे वाळल्यावर पंप घेऊन धावणारा आणि पोंगे वाळल्यावर कार्ड आणायला धावणारा, दोघंही एकाच गाडीला उशिरा पोचलेले असतात.

एका एकराचा हिशेब

एक उदाहरण दिवसांसकट मांडतो, म्हणजे चूक कुठं होते ते दिसेल.

समजा सुरू उसाची लावण २० जानेवारीची, सरी चार फुटांची. शेतकऱ्याला १० मार्चला पहिले पोंगे वाळलेले दिसले. त्यानं ५ मार्चलाच, मावा की काय म्हणून, एक सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारलेलं आहे. १० मार्चला तो कार्ड आणतो. एक कार्ड म्हणजे साधारण २०,००० अंडी, आणि एका एकराला एक कार्ड ही मात्रा बरोबरच आहे. हेक्टरी ५०,००० या शिफारशीतून तीच येते. कार्ड मोटारसायकलच्या डिकीत ठेवून तो गावातली दोन कामं आटोपतो, सकाळी अकराला शेतात पोचतो, कार्डाचे चार तुकडे करतो आणि चार कोपऱ्यांत पानांवर टोचतो. २० मार्चला फोन येतो की काही फरक नाही.

आता उलटं मोजू. १० मार्चला वाळलेला दिसणारा पोंगा ज्या अळीनं खाल्ला, ती आत शिरून आठ-दहा दिवस झाले असणार. त्याआधीचे चार-सहा दिवस ती अंड्यात होती. म्हणजे ते अंडं फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात घातलेलं होतं. १० मार्चचं कार्ड त्याला काही करू शकत नव्हतं. आणि १० मार्चला जी ताजी अंडी पानांवर होती त्यांतून अळ्या निघून पोंगे वाळायचे ते २५ मार्चच्या आसपास. २० मार्चला बसून कार्डाचा निकाल लावणं म्हणजे कार्ड यायच्या आधीच्या चुकीचा दोष कार्डाच्या माथी मारणं.

मग कार्ड कधी लावायचं? पीक ३० ते ४० दिवसांचं असताना, पोंगा वाळायची वाट न बघता. या उदाहरणात २० ते २५ फेब्रुवारी. आणि एकदा लावून भागत नाही. बाहेर पडलेली माशी उन्हाळ्यात चार-सहा दिवस जगते, पतंग मात्र आठवड्यामागून आठवडे अंडी घालत राहतात. त्यात ट्रायकोग्रामाला ताजं अंडं लागतं. आतली अळी वाढून मोठी झाली की ते अंडं तिच्या कामाचं राहत नाही. म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकेक कार्ड, असं चार-पाच वेळा. पाच कार्डं एकाच दिवशी लावली तर पाचव्या आठवड्यातल्या अंड्यांसाठी शेतात कोणीच उरत नाही.

पुढची चूक तुकड्यांची. एवढीशी माशी वाऱ्यावर दूर जाते खरी, पण अंडी शोधण्याचं तिचं काम कार्डापासून पाच-दहा मीटरच्या आतच नीट होतं. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. चार तुकडे केले तर एकेका तुकड्याच्या वाट्याला १,००० चौरस मीटर येतात आणि तुकडा अगदी मधोमध लावला तरी कडेचा ऊस बावीस मीटर लांब राहतो. कोपऱ्यात लावला तर विचारूच नका. त्याच कार्डाच्या वीस पट्ट्या केल्या की एका पट्टीला २०० चौरस मीटर. चार फुटी सरीत याचा सोपा अर्थ असा, की दर बारा सऱ्यांनी एक रांग धरायची आणि त्या रांगेत दर १४ मीटरला एक पट्टी लावायची. कुठलाही फुटवा मग पट्टीपासून साधारण दहा मीटरच्या आत राहतो. पट्ट्या कापताना अंड्यांवर बोटं घासू नका, आणि जमलं तर जिथून वारा येतो त्या बाजूच्या बांधाला एखादी पट्टी जास्त द्या.

वेळ आणि जागा यांचंही तेच. ३५-४० दिवसांच्या उसात सावली नसते. मार्चच्या दुपारी पानावर उघडी टोचलेली पट्टी भाजून निघते. पारा पस्तिशीच्या वर गेला की माशा बाहेर पडणंही कमी होतं आणि पडल्या तरी लवकर मरतात. संध्याकाळी पाचनंतर किंवा अगदी पहाटे, पानाच्या खालच्या बाजूला, अंड्यांची बाजू जमिनीकडे करून स्टेपलरनं पट्टी लावा. मराठवाड्यात, विदर्भात ऊन जास्त म्हणून काही जण कागदी कप उलटा करून त्यात पट्टी टोचतात आणि कप काठीला बांधतात. हे थोडं खटाटोपाचं आहे, पण मुंग्यांपासूनही बचाव होतो. मुंग्या हा दुर्लक्षित शत्रू आहे. पट्टीवरची अंडी एका रात्रीत साफ करून नेतात. सकाळी पट्टी बघितली आणि अंडी फुटलेली नसून गायबच असतील, तर माशा उडून गेल्या असं समजू नका. पाणी आदल्या दिवशी दिलेलं असलं की खाली गारवा राहतो. मात्र पट्टी लावल्यावर लगेच तुषार सिंचन सुरू करू नका.

कार्ड जिवंत होतं का

वरचं सगळं बरोबर करूनही कार्ड मेलेलंच असेल तर काय उपयोग? हे तपासायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, साधं दहापट भिंग पुरतं.

कार्डावरची अंडी खरं तर तांदळावरच्या पतंगाची असतात. प्रयोगशाळेत त्या पतंगाची अंडी कागदावर चिकटवून, अतिनील प्रकाशाखाली त्यांतला जीव मारून, मग त्यांत ट्रायकोग्रामाला अंडी घालू देतात. तीन-चार दिवसांत परजीवी लागलेली अंडी काळी पडतात. म्हणून कार्ड घेताना ते काळंभोर दिसलं पाहिजे. मध्येमध्ये पिवळट-पांढरी अंडी बरीच असतील तर त्यांच्यात माशीच नाही; २०,००० चा आकडा फक्त छापलेला आहे. कार्डावर बारीक अळ्या वळवळताना दिसल्या तर अंडी अतिनील प्रकाशाखाली नीट ठेवलेली नव्हती. ते कार्ड परत करा.

प्रत्येक खेपेला एक छोटा तुकडा काचेच्या नळीत किंवा पारदर्शक बाटलीत टाकून, तोंडाला कापसाचा घट्ट बोळा लावून घरात सावलीत ठेवा. शेतात पट्ट्या लावल्या त्याच दिवशी हेही करायचं. तीन-चार दिवसांत बाटलीत धुळीच्या कणांसारख्या माशा उजेडाकडे सरकताना दिसतील. नंतर भिंगानं अंडी मोजा. काळ्या अंड्याला गोल भोक असेल तर माशी बाहेर पडलेली आहे. शंभर काळ्या अंड्यांत ऐंशीच्या पुढं भोकं असतील तर कार्ड चांगलं. तीस-चाळीसच असतील तर शेतात काय झालं याची चर्चा करण्यात अर्थ नाही, पुरवठादाराशी बोला. दोन मिनिटांच्या या कामानं वर्षाचे वाद मिटतात आणि तरी ते करणारे मला फार थोडे भेटले आहेत.

कार्ड बहुतेकदा वाटेत मरतं. उन्हातल्या डिकीत अर्धा तास, टपरीवर चहा घेताना गाडी उन्हात, एवढं पुरेसं असतं. थर्माकोलच्या डब्यात, गार पाण्याची बाटली कापडात गुंडाळून बाजूला ठेवून आणा. त्याच दिवशी लावता येणार नसेल तर फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवता येतं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. तेही दोन-चार दिवसच. कार्डावर माशा बाहेर पडण्याची तारीख लिहिलेली असते. ती उलटून गेलेलं कार्ड म्हणजे रिकामी टरफलं.

फवारणीचा थर

वरच्या उदाहरणात ५ मार्चच्या पायरेथ्रॉइडनं जे केलं ते असं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड आणि ऑर्गॅनोफॉस्फेट या दोन्ही गटांतली औषधं ट्रायकोग्रामाला अतिशय घातक आहेत. माशी पानावर अंडी शोधत पायी चालते, त्यामुळे पानावर वाळलेला थरही तिला मारतो. अशा फवारणीनंतर दहा-पंधरा दिवस कार्डावर पैसे घालू नका, आणि कार्ड लावल्यावर पुढच्या खेपेपर्यंत ही औषधं शेतात आणू नका. शेजाऱ्याचा पंप वाऱ्याच्या बाजूला असेल तर त्यालाही विश्वासात घ्या, नाहीतर तुमच्या पट्ट्यांवर त्याचा फवारा येतोच.

प्रादुर्भाव हाताबाहेर गेला आणि रसायन वापरावंच लागलं, तर सगळीच औषधं सारखी नसतात. क्लोरॲन्ट्रानिलिप्रोल हे उसात खोडकिडीसाठी नोंदणी असलेलं आहे, हेक्टरी ३७५ मिली या मात्रेनं बुडाशी आळवणी करतात, आणि ते ट्रायकोग्रामाला त्या मानानं बरंच सौम्य आहे. आळवणी बुडाशी होत असल्यानं पानावर थरही कमी राहतो. जैविकवाल्यांनी रसायनाला हात लावूच नये असं मी म्हणत नाही. कोणतं, कधी आणि कुठं, एवढं बघा. लेबलवरची मात्रा आणि काढणीपूर्वीचा कालावधी मात्र पाळायचाच.

मोजायचं काय

वाळलेला पोंगा पुन्हा हिरवा होत नाही. त्यामुळे शेतात एकूण किती पोंगे वाळलेले दिसतात हा आकडा कमी होऊच शकत नाही. ताजे किती वाळले ते मोजायचं.

पहिलं कार्ड लावायच्या दिवशी शेतात पाच जागा निवडा, प्रत्येक जागी सलग ४० फुटवे धरा, म्हणजे २०० फुटवे झाले. तेव्हा वाळलेले जे असतील ते जमिनीच्या पातळीला, थोडं मातीच्या आतून कापून काढा आणि नष्ट करा. आतली अळीही त्याबरोबर जाते. मग दर आठवड्याला याच २०० मध्ये नवे किती वाळले ते वहीत लिहा आणि कापून काढा. पहिले दोन आठवडे आकडा वाढेल, त्यानं घाबरू नका, ती जुनी अंडी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो उतरायला लागला तर कार्डं काम करताहेत. न उतरता चढतच राहिला तर बाटलीतला तुकडा आणि फवारणीच्या तारखा पुन्हा तपासा.

याहून थेट पुरावा हवा असेल तर खोडकिडीची अंडी असलेली आठ-दहा पानं शोधून तो भाग कापून आणा आणि बाटलीत ठेवा. इथं एक फसगत होते. अळी निघण्याच्या आदल्या दिवशी निरोगी अंड्यातही काळा ठिपका दिसतो, ते तिचं डोकं. ते बघून "अंडी काळी झाली, ट्रायको लागली" असं कोणी म्हणतं, दुसऱ्या दिवशी बाटलीत अळ्या फिरतात. परजीवी लागलेलं अंडं सगळंच्या सगळं एकसारखं काळं होतं, ठिपका नसतो. माशी निघून गेल्यावर काळं टरफल आणि त्याला गोल भोक राहतं; अळी निघून गेलेलं टरफल पारदर्शक असतं.

कार्डाबरोबर दोन जुन्या गोष्टी सोडू नका. पाचट आच्छादन आणि दीड महिन्याच्या सुमारास बाळबांधणी. मातीची भर लागली की पतंगाला फुटव्यातून बाहेर यायला अळीनं करून ठेवलेलं भोक बुजतं आणि तो आतच अडकतो. एकटं कार्ड खोडकिडीचा शंभर टक्के बंदोबस्त करतं असं कोणी सांगत असेल तर तो कार्ड विकणारा असावा.

हुमणी आणि मेटारायझियम

बुरशीचं गणित वेगळं. मेटारायझियमचे बीजाणू हुमणीच्या कातडीला चिकटतात, तिथं रुजतात, कातडी भेदून आत जातात आणि अळीच्या शरीरात वाढून तिला मारतात. अळीनं ते खायची गरज नाही, पण अंगाला लागले पाहिजेत आणि रुजायला ओल पाहिजे. त्यामुळे कोरड्या मातीत, उन्हात पसरलेली पावडर म्हणजे पैसे मातीत घालणं. बीजाणूंना ऊन सोसत नाही. मारायलाही वेळ लागतो, एक ते दोन आठवडे, मोठ्या अळीला त्याहून जास्त. मेलेली हुमणी आधी कडक होते, तिच्यावर पांढरी बुरशी येते आणि मग ती गडद हिरवी पडते. अशा हिरव्या अळ्या मुळांशी सापडल्या तर बुरशी तुमच्या शेतात बसली.

मेटारायझियम चाललं नाही अशी तक्रार येते ती बहुतेक सप्टेंबरमध्ये, आणि मी पहिला प्रश्न विचारतो तो, टाकलं कधी? पहिल्या वळवाच्या पावसानंतर, मे-जूनच्या संध्याकाळी, कडुनिंब आणि बाभळीवर भुंगेरे जमतात. तेव्हापासून जमिनीत अंडी पडायला लागतात. लहान अळी पहिले काही आठवडे कुजका पाला-शेणखत खाते, मग मुळांकडे वळते. ऊस पिवळा पडून बेट हाताला हलायला लागतं तोवर ती तिसऱ्या अवस्थेत, जाड आणि चिवट झालेली असते. जून-जुलैमध्ये लहान अळ्यांवर जे १० किलोंनी झालं असतं ते सप्टेंबरमध्ये दुप्पट टाकूनही होत नाही.

पद्धत अशी: एकरी सुमारे ८ ते १० किलो मेटारायझियम, चांगल्या कुजलेल्या १०० किलो शेणखतात मिसळून, पाऊस पडून वाफसा आल्यावर सरीत मुळांजवळ टाकायचं आणि लगेच मातीनं झाकायचं. शेणखत आतून गरम असेल तर बुरशी त्यातच मरते. हात घालून बघा, गार लागलं पाहिजे. पाकिटावर दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत बीजाणू आणि मुदतीची तारीख बघा. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळाभर पडून राहिलेल्या पाकिटावर तारीख पुढची असली तरी आतलं जिवंत असेल याची खात्री नसते. आणि याच सुमाराला मर किंवा कुज म्हणून बुरशीनाशकाची आळवणी केली तर आपणच आपली बुरशी मारतो. हे सगळ्यात जास्त घडतं, कारण दोन्ही वेगवेगळ्या माणसांच्या सल्ल्यानं टाकलेलं असतं.

पाकीट तपासायला शेतातल्या दहा हुमण्या गोळा करा. प्रत्येक वेगळ्या डबीत, कारण एकत्र ठेवल्या की एकमेकींना चावून जखमी करतात आणि निकाल फसतो. पाच डब्यांत ओलसर माती आणि चमचाभर मेटारायझियम, पाचांत नुसती ओलसर माती. सगळीकडे गाजराचा तुकडा खायला. सावलीत ठेवून माती वाळू देऊ नका. तीन आठवड्यांत पहिल्या पाचांतल्या बहुतेक हिरव्या पडून मेल्या आणि दुसऱ्या जगल्या, तर पाकीट चांगलं. दोन्हीकडे मेल्या तर अळ्याच हाताळताना दुखावल्या होत्या, पुन्हा करा. भातावर बुरशी वाढवून घरी बनवणारे आहेत, पण नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नका. ट्रायकोडर्माही हिरवीच असते आणि धान्यावर आपोआप येणारी एक घातक बुरशीही.

मित्राला शत्रू समजून मारणं

भक्षक कीटकांच्या बाबतीत सोडायचं-विकत आणायचं कमीच असतं. असलेले मारू नका, एवढंच बघायचं. २००२ साली सांगली भागातून उसावर लोकरी मावा पसरला तेव्हा पानाखाली पांढरी लोकर, वर काळी बुरशी, आणि सगळीकडे फवारणी. दाट, उंच उसात पंप घेऊन शिरताच येत नव्हतं, आणि जिथं औषध पोचलं तिथं मावा पुन्हा आला. तो पुढं आटोक्यात आला त्यात मोठा वाटा डिफा आणि मायक्रोमस या भक्षकांचा आणि पुढं ईशान्येकडून आणून सोडलेल्या एन्कार्सिया या परजीवीचा.

डिफा ही अळी आहे, आणि अडचण तीच. लोकरी माव्याच्या थव्यात ती रेशमाचं जाळं विणून त्याखाली राहते आणि मावा खाते. पान उलटून "मावा तर आहेच, वर अळीही पडली" म्हणून दुहेरी औषध मारलेलं मी पाहिलं आहे. ओळखायचं कसं? ऊस खाणारी अळी असेल तर पान कुरतडलेलं किंवा भोक पडलेलं दिसेल. डिफाच्या आसपास पान शाबूत असतं, लोकर विस्कटलेली असते आणि माव्याची रिकामी कातडी पडलेली असते. अशी पानं दिसली की फवारणी थांबवा. त्यांतली काही पानं तुकड्यांनी कापून जिथं मावा जास्त आहे त्या उसाच्या पानांना टाचून द्या. शिफारस हेक्टरी १,००० डिफा अळ्या किंवा २,५०० मायक्रोमस अशी आहे, पण शेतात आधीच बरेच दिसत असतील तर मोजत बसू नका.

पुढच्या खेपेला फोन करण्याआधी या गोष्टी हाताशी ठेवा: लावणीची तारीख, प्रत्येक कार्डाची तारीख आणि किती पट्ट्या केल्या, गेल्या महिन्यात शेतात आणि शेजारी काय फवारलं, बाटलीतल्या तुकड्यात शंभरातून किती भोकं, आणि २०० फुटव्यांचे आठवडावार नवे आकडे. हे सांगितलंत तर फोनवरच निदान होतं. नुसतं "फरक नाही" म्हटलं तर मला शेतावर यावं लागतं आणि आल्यावर मीही हेच विचारतो.